टोरंटोची बहीण आणि शनिवारचा सिनेमा

प्रश्न : माझी धाकटी बहीण ११ वर्षांपासून टोरंटोत आहे. मी आणि ८२ वर्षांची आई टिळकवाडीत राहतो. शनिवारी रात्री फोन चालू ठेवून तिच्यासोबत एक मराठी सिनेमा बघायचा असे ठरवले, पण तिन्ही वेळा फजिती झाली. पहिल्यांदा माझ्या मुलाने आमच्या ओटीटी खात्याचा पासवर्ड तिला दिला, तरी आम्हाला दिसणारा सिनेमा तिच्या यादीत नव्हता. दुसऱ्यांदा मी मोबाइलवरून स्क्रीन शेअर केली, तर तिला नुसता आवाज आला आणि चित्र काळे. तिसऱ्यांदा मी घरातली जुनी डीव्हीडी लावली, तिने तोच सिनेमा तिकडे एका साइटवर लावला. दोघींनी एकदमच सुरू केला, पण अर्ध्या तासाने मी हसले की ती मिनिटभराने हसायची. शेवटी आई म्हणाली, बंद करा. त्यात सिनेमा कोणता यावरूनही वाद. मी आमच्या लहानपणचे विनोदी सिनेमे सुचवते, ती हल्लीचे काहीतरी सांगते. तिचे यजमान धारवाडचे, कन्नड बोलणारे. १६ वर्षांच्या भाच्याला मराठी कळते, पण भरभर बोललेले नाही. बहिणीला आता आपले सिनेमे नकोसे झालेत, असे वाटते. काय करावे?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर :

त्या जुन्या डीव्हीडीची पेटी कपाटातून काढा आणि मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात पाहा. तिथे बारीक अक्षरांत PAL असे छापलेले असेल, तर तुमच्या तिसऱ्या फजितीचे कारण सापडले. सिनेमा सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चित्रित होतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या जुन्या दूरचित्रवाणीची पद्धत मात्र सेकंदाला २५ चित्रांची होती, आणि त्या पद्धतीसाठी तबकडी तयार करताना २४ चित्रांचा सिनेमा सहसा सरळ २५ च्या वेगाने पळवला जात असे. हा फरक शेकडा चारचा. पात्रांचे आवाज किंचित चढे होतात, पण सोबत दुसरी प्रत चालू नसेल तर कानाला ते समजत नाही. बहिणीने तिकडे जी प्रत लावली ती मूळ वेगाची असावी. तुम्ही अर्धा तास पाहिलात तेवढ्यात तुमची तबकडी सव्वाएकतीस मिनिटांचा सिनेमा संपवून बसली होती आणि बहीण बरोबर तीस मिनिटांवर होती. ती मिनिटभराने हसत होती, याचा हिशेब इथे चोख जुळतो. यात तुमच्या दोघींपैकी कोणाच्या बोटाची चूक नव्हती आणि नेटचीही नव्हती. कितीही अचूक मोजून सुरू केले असते, तरी दहा मिनिटांनी पंचवीस सेकंदांचे अंतर पडलेच असते.

हे आधीच ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. सिनेमा सुरू करण्याआधी दोघींनी आपापल्या पडद्यावरची एकूण वेळ वाचून दाखवायची. एकीकडे २ तास १८ मिनिटे ४० सेकंद आणि दुसरीकडे २ तास १३ मिनिटे ७ सेकंद असे दिसले, तर तो हाच वेगाचा फरक समजावा, कारण पहिल्या आकड्याला २५ ने भागून २४ ने गुणले की दुसरा येतो. त्या दोन प्रती एकत्र चालवण्याच्या भानगडीत पडू नये. फरक पाच-दहा सेकंदांचा असेल, तर तो बहुधा सुरुवातीच्या पाट्यांचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडच्या प्रतीत तंबाखूविरोधी सूचना आणि निर्मात्यांच्या पाट्या असतात, परदेशी प्रतीत त्या कमी-जास्त असू शकतात. मात्र तीन-चार मिनिटांचा फरक असेल आणि तो वरच्या हिशेबात बसत नसेल, तर एखादे गाणे किंवा प्रसंग कापलेला असण्याची शक्यता धरावी. वेगाच्या फरकाने अंतर हळूहळू वाढत जाते आणि कापाकापीने ते एकाच क्षणी पडते, एवढे लक्षात ठेवले की बिघाड कशाचा आहे हे सिनेमा चालू असतानाही सांगता येते.

आता पासवर्डाविषयी. खाते बेळगावात उघडलेले असले, तरी बहुतेक ओटीटी सेवा यादी दाखवतात ती प्रेक्षक त्या घटकेला ज्या देशात बसला आहे त्या देशाची. सिनेमाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. भारतात एका सेवेकडे असलेला मराठी सिनेमा कॅनडात दुसऱ्याच सेवेकडे असतो, किंवा कोणाकडेच नसतो. शिवाय हल्ली काही सेवा एका घराबाहेर पासवर्ड वापरूही देत नाहीत. देश लपवणारे व्हीपीएन वापरायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मी तो देणार नाही. ते बहुतेक सेवांच्या अटींत बसत नाही, आणि सेवेने मध्येच ते ओळखून चित्र बंद केले, तर आईला घेऊन बसलेल्या माणसाची पुन्हा तीच तारांबळ उडते.

काळ्या चित्राचे कारणही असेच आहे. तुमचा फोन बिघडलेला नाही. पैसे देऊन पाहायचे सिनेमे नक्कल होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेले असतात, आणि तुम्ही पडदा दुसऱ्याला दाखवू लागलात की ते कुलूप चित्राच्या जागी काळा रंग सोडते. फोन बदलून, ॲप बदलून किंवा मुलाला रागावून त्यात फरक पडणार नाही. घरच्या लग्नाची चित्रफीत किंवा फोटो स्क्रीन शेअर करून दाखवता येतील, सिनेमासाठी मात्र तो मार्ग सोडून द्यावा हे बरे. कुलूप नसलेले एखादे चित्र त्या वाटेने गेले, तरी तिकडे पोहोचेपर्यंत ते दाबले जाऊन इतके अडखळते की नाचाच्या प्रसंगात पाय कुठे आणि ठेका कुठे, अशी अवस्था होते.

या तिन्ही गोष्टींमधून माझ्या मते एकच काम निघते, आणि ते तुम्ही आजवर उलट्या क्रमाने करत होतात. तुम्ही आधी सिनेमा ठरवलात आणि मग तो दोन्हीकडे मिळवण्याच्या मागे लागलात. त्याऐवजी दोन्हीकडे एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत उघडणारे सिनेमे आधी शोधावेत आणि त्यातून निवडावे. यासाठी जस्टवॉच नावाची एक साइट आहे. तिच्यावर देश निवडून सिनेमाचे नाव टाकले की त्या देशात तो कोणत्या सेवेवर आहे ते दिसते. भाच्याला सांगा, तो दहा मिनिटांत भारत आणि कॅनडा असे दोन्ही देश लावून पाहील. हक्कधारकांनी यूट्यूबवर अधिकृतपणे ठेवलेले जुने मराठी सिनेमेही बरेच आहेत आणि तिथे एकच दुवा दोघींना उघडता आला की प्रत एकच असल्याची खात्री मिळते. तरीही साइटच्या किंवा यादीच्या शब्दावर न राहता, दोघींनी आदल्या दिवशी तो सिनेमा प्रत्यक्ष उघडून, दोन मिनिटे चालवून पाहायचा आणि एकूण वेळ एकमेकींना कळवायची. माझ्या इंग्लंडातल्या आत्येबहिणीबरोबर आम्ही हे काम पहिल्यांदा आळसाने टाळले. रविवारी चहाचे कप घेऊन बसल्यावर तिच्या पडद्यावर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी आली. पुढचा पाऊण तास दुसरा सिनेमा शोधण्यात गेला, आणि त्या पाऊण तासात आम्ही जितक्या तिरसटपणे बोललो तितक्या एरवी वर्षभरात बोललो नसू.

म्हणूनच तुमच्या वादाबद्दल मला वेगळी शंका आहे. बहिणीला आपले सिनेमे नकोसे झाले, असे तिने कधी म्हटल्याचे तुमच्या पत्रात नाही. तिच्या घरात शनिवारी सकाळी पडद्यासमोर कोण कोण बसणार आहे, याचा विचार करून ती हल्लीचा सिनेमा सुचवत असेल, असे मानून पाहा. नव्या सिनेमांना इंग्रजी सबटायटल असण्याची शक्यता जुन्यांपेक्षा बरीच जास्त असते. तुमच्या मनात लहानपणीच्या सुट्ट्या आहेत. तिच्या डोळ्यांसमोर सोफ्याच्या एका टोकाला मोबाइल घेऊन बसलेला मुलगा आहे. हे माझे अनुमान आहे, चुकीचेही असेल, पण सिनेमाचे नाव काढण्याआधी तिला एवढेच विचारा की ‘तुमच्याकडे बघायला कोण कोण बसणार?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अर्धी यादी आपोआप गळते.

१९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. तुम्ही दोघी तो कितव्यांदा पाहाल याची मोजदाद नसेल, संवाद पाठ असतील आणि मधली चार वाक्ये नेटने गिळली तरी काही अडणार नाही. पण त्याची गंमत बोलण्याच्या लकबीत, शब्दावर शब्द चढवण्यात आहे. सबटायटलमध्ये त्याचा सांगाडा तेवढा उतरतो आणि भाचा तुम्ही का हसताय ते विचारत राहतो. तो सिनेमा बहिणीबरोबर एकटीने, घरच्यांना सोडून पाहण्याचा आहे. २०१६ चा ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा आहे. साडेआठला सुरू केला, तर मधली विश्रांती धरून पावणेबारा होतील आणि त्याचा शेवट ८२ वर्षांच्या आईला झोपायच्या आधी दाखवावा असा नाही. त्याचा ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड अवतार २०१७ साली आला, त्यातही नायिका रिंकू राजगुरूच आहे. बहिणीच्या यजमानांना ही गोष्ट रस घेऊन सांगण्याजोगी आहे, पण दोघींनी दोन भाषांतल्या दोन प्रती लावून एकत्र पाहण्याचा उद्योग करू नये, कारण ते दोन वेगळे सिनेमे आहेत आणि एकाही प्रसंगाची वेळ जुळणार नाही. याउलट २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दीड तासाच्या थोडा पुढे जातो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ कसा पडद्यावर आणला ही त्याची गोष्ट आणि तिच्यातला बराच विनोद डोळ्यांनी कळणारा आहे. तो दोन्हीकडे एकाच प्रतीत मिळाला, तर पहिल्या शनिवारी मी तोच सुचवेन.

इथे तुमचे आणखी एक गृहीत मला खटकते, ते म्हणजे सिनेमा मराठीच हवा. बेळगावात राहून आपण कन्नड काही कमी ऐकत नाही. बाजारात, बँकेत, शेजारी ती भाषा रोज कानावर पडते आणि तुमच्या आईच्या पिढीने तर थिएटरात मराठी, हिंदी, कन्नड असा भेद न करता सिनेमे पाहिले आहेत. आईंना विचारा, राजकुमार यांचा १९७२ चा ‘बंगारद मनुष्य’ त्यांनी पाहिला होता का. एखाद्या शनिवारी इंग्रजी सबटायटल असलेला कन्नड सिनेमा ठेवला, तर तुम्ही दोघी, आई, यजमान आणि भाचा असे पाचही जण एकाच वेळी सगळे समजून हसू शकाल. मराठी सिनेमात ही सोय तुम्हाला क्वचितच मिळेल. मराठीचा आग्रह सोडा, असे मी म्हणत नाही. दोन शनिवार मराठी आणि तिसरा कन्नड, असे केले तरी यजमानांना आपण पाहुण्यासारखे बसवलेले नाही हे कळेल.

नाव ठरवण्याची रीत अशी ठेवा. एका आठवड्याला एकीने तीन नावे द्यायची, तिन्ही दोन्हीकडे उघडून तपासलेली, आणि दुसरीने त्यातले एक उचलायचे. पुढच्या वेळी उलट. तीन नावे देणारीला वाटते की निवड आपली, उचलणारीला वाटते की शेवटचा शब्द आपला, आणि दोन्ही खरे असते. शिवाय प्रत्येकीला एक नकाराधिकार ठेवा, ज्याचे कारण विचारायचे नाही. आजारपणाचा, मरणाचा किंवा परदेशी गेलेल्या मुलांचा सिनेमा एखादीला त्या आठवड्यात सोसणार नसतो आणि ते फोनवर सगळ्यांसमोर समजावून सांगावे लागू नये. एक सापळा मात्र टाळा. एकीने पाहिलेला आणि दुसरीने न पाहिलेला सिनेमा लावू नका. पाहिलेली माणसे सिनेमा पाहत नाहीत, समोरच्याचा चेहरा पाहतात, ‘आता बघ हं’ म्हणतात, आणि समोरच्याला आवडला नाही की मनात खट्टू होतात. एक तर दोघींनी पाहिलेला असावा किंवा दोघींनी न पाहिलेला. पहिले एक-दोन शनिवार पाहिलेलाच घ्या, म्हणजे यंत्रांशी झटापट करताना काही हुकले तरी कथा हातची जाणार नाही.

वेळेचे एक सांगायला हवे. टोरंटोतली घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात, आपली बदलत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत टोरंटो आपल्या साडेनऊ तास मागे असते, उरलेल्या महिन्यांत साडेदहा तास. म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे अकरा असतात आणि हिवाळ्यात दहा. नोव्हेंबरात तुम्ही तासभर वाट पाहत बसलात, तर बहिणीवर रागावण्याआधी कॅलेंडर पाहा.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. सिनेमा टीव्हीवर किंवा संगणकावर आणि बोलणे मोबाइलवर, अशी दोन यंत्रे वेगळी ठेवा. एकाच फोनवर दोन्ही चालवले की कॉल आणि सिनेमा एकमेकांचा आवाज दाबतात. मोबाइल स्पीकरवर ठेवला, तर टीव्हीतले गाणे त्याच्यात शिरते. कॉलची आवाज गाळणारी यंत्रणा गाणे आणि माणूस यांत गोंधळते आणि तुमचेच बोलणे तुटक होते. त्याऐवजी साधा तारेचा इयरफोन घ्या. एक बोंडले आईच्या कानात, दुसरे तुमच्या, आणि माईक तुमच्या गळ्याशी. दोघींना एकमेकींना खेटून बसावे लागते, पण बहीण दोघींनाही ऐकू येते आणि टीव्हीचा आवाज आईला हवा तितका मोठा ठेवता येतो.

सुरुवात घड्याळावर करू नका, दृश्यावर करा. दोघींनी सिनेमा चालू करून, सिनेमाचे नाव पडद्यावर येताच थांबवायचा. ते अक्षर पूर्ण दिसत असताना थांबवले की पाट्यांचा फरक आपोआप मिटतो. मग मिनिटभर तसेच राहू द्या, तेवढ्यात पुढचा भाग दोन्हीकडे साठतो. त्यानंतर एकीने ‘तीन, दोन, एक’ म्हणायचे आणि ‘एक’नंतरच्या ठोक्याला दोघींनी बटण दाबायचे. तुमचा आवाज टोरंटोला पोहोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे ती क्षणभर मागे राहील. ते चालते. एक-दीड सेकंदाचे अंतर हसण्या-बोलण्यात जाणवत नाही, कारण तिचे हसणे तुमच्यापर्यंत यायलाही तेवढाच उशीर होतो. अगदी तंतोतंत जुळवण्याच्या नादात पहिली दहा मिनिटे घालवू नका.

जुळले आहे की नाही हे तपासायची माझी एक पद्धत आहे. पाचेक मिनिटांनी, संवाद चालू असताना, बहिणीला माईक क्षणभर टीव्हीच्या दिशेने धरायला सांगा आणि कान द्या. तिच्या टीव्हीतले वाक्य तुमच्या टीव्हीनंतर किंचित उशिरा, प्रतिध्वनीसारखे ऐकू आले पाहिजे. मग तुम्ही तुमचा माईक टीव्हीकडे धरा, तिलाही तसेच, तेवढ्याच उशिराने ऐकू आले पाहिजे. दोघींनाही दुसरीचे वाक्य थोडे उशिरा येत असेल, तर तुम्ही बरोबरीने आहात आणि तो उशीर नुसता कॉलचा आहे. पण तिच्या टीव्हीतले वाक्य तुम्हाला तुमच्या टीव्हीच्या आधी ऐकू आले, तर तुम्ही मागे पडला आहात यात शंका नाही.

अंतर पडले की एक नियम पाळा. जी पुढे आहे तिने थांबावे, जी मागे आहे तिने उडी मारू नये. उडी मारली की नेटला नव्याने चित्र आणावे लागते, ते गोल फिरत राहते आणि मागची आणखी मागे पडते. पुढचीने मात्र सहा-सात सेकंद मोजून पुन्हा सुरू केले की काम होते. कोणालाही थांबायचे असेल तर तिने ‘थांब’ म्हणून आपल्या पडद्यावरची वेळ सांगायची, आणि दोन वेळांपैकी जी कमी असेल तिथून दोघींनी पुन्हा मोजून सुरू करायचे. यूट्यूबवर एकीकडे जाहिरात येते, दुसरीकडे येत नाही. तेव्हाही हेच करा, ‘जाहिरात’ एवढे म्हणा आणि दुसरीने थांबवा. दर दहा मिनिटांनी हे व्हायला लागले, तर मात्र त्या सिनेमासाठी दुसरे ठिकाण शोधलेले बरे.

दोघींचे चालणे-थांबणे एकत्र बांधणारी साधनेही आहेत. टेलिपार्टी हे ब्राउझरला जोडायचे साधन त्यातले प्रसिद्ध आहे. त्यात एकीने थांबवले की दुसरीकडेही थांबते. पण तिथेही प्रत्येकीचे स्वतःचे खाते लागते आणि सिनेमा दोन्ही देशांत त्या सेवेवर असावाच लागतो. ते तुमची मुख्य अडचण सोडवत नाही आणि टीव्हीऐवजी संगणकासमोर बसावे लागते. आईंना लॅपटॉपचा लहान पडदा झेपणार नसेल, तर मोजणीची पद्धतच बरी. बहिणीकडे आणि तुमच्याकडेही ॲपलचे फोन असतील, तर त्यांच्या फेसटाइममधली शेअरप्ले सोय हेच काम करते, अटही तीच.

आपल्याकडची एक अडचण बहिणीला आठवत असेल, पण भाच्याला माहीत नसेल, ती म्हणजे पावसाळ्यात करंट जातो. टीव्ही इन्व्हर्टरवर असतो, नेटचा डबा मात्र नुसत्या भिंतीच्या सॉकेटला लावलेला असतो आणि सगळे उजेडात बसून नेटची वाट पाहतात. तो डबा इन्व्हर्टरच्या सॉकेटला हलवा. तेही जमले नाही, तर करंट गेल्यावर सिनेमा मोबाइलच्या डेटावर ओढण्याच्या फंदात पडू नका. चांगल्या प्रतीचा सिनेमा तासाला तीन जीबीपर्यंत खातो. दोघींनी पडद्यावरची वेळ लिहून ठेवायची आणि उरलेला भाग पुढच्या शनिवारी. पूर्ण सिनेमा एका बैठकीत संपवलाच पाहिजे, असे कोणी सांगितले आहे? तुमच्या आईला तर पाऊण तासाचे दोन भाग अधिक सोसतील असे मला वाटते, आणि मधल्या आठवड्यात ‘पुढे काय होईल’ यावर फोनवर बोलायला विषय होईल.

बहिणीला गुरुवारीच एक निरोप पाठवा. तो साधारण असा असू द्या : ‘शनिवारी आमचे साडेआठ, तुमचे अकरा. तुमच्याकडे बघायला कोण कोण बसणार ते सांग. पोरगं बसणार असेल तर तीन नावं पाठवते, तिन्ही तुझ्याकडे उघडतात का बघ, आणि खाली एकूण वेळ किती लिहिलीय ते फोटो काढून पाठव. त्यातला एक तू उचल. पुढच्या वेळी नावं तुझी, उचलणार मी. भावोजींना विचार, कन्नड कोणता बघायचा. आईला इयरफोन आणून ठेवलाय.’